ॲप म्हणतं १६ तारखेपासून सेफ, पण अंगावरचं वेगळंच सांगतं. कोणाचं ऐकू?

रेवा_मनीषनगर | १९ मे, रात्री ९:१५

नमस्कार. वय ३१, मुलगी चार वर्षांची, आणि सध्या दुसरं मूल नको आहे. तांबी बसवली होती, पण पाळीत रक्त इतकं जायला लागलं की काढावी लागली. मला मायग्रेन आहे म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांना नाही म्हटलं. त्यामुळे फेब्रुवारीपासून मी रोज सकाळी टेंपरेचर घेऊन राहिली आहे आणि पांढरं कसं जातं तेही लिहून ठेवते. आतापर्यंत आम्ही प्रत्येक वेळी कंडोम वापरलाच आहे, तक्ता नुसता शिकण्यासाठी. आता त्यावर भरवसा ठेवायचा की नाही ते ठरवायचं आहे. हे चंद्रपूरला नोकरीला असतात, शनिवारी येतात.

माझी पाळी २७ ते ३३ दिवसांनी येते. या वेळी बरोबर १ मे ला आली, म्हणजे तारीख तोच पाळीचा दिवस. आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, तोंडात, सकाळी सहाला.

१० तारखेला ९७.४, कोरडं
११ ला ९७.२, कोरडं
१२ ला ९७.५, थोडं चिकट पांढरं
१३ ला ९७.९, तसंच चिकट
१४ ला ९७.४, ओलसर वाटलं
१५ ला ९७.३, पारदर्शक, ताणलं जातं
१६ ला ९७.५, तसंच
१७ ला ९७.८, तसंच आणि खूप निसरडं
१८ ला ९७.९, घट्ट, पांढरट
१९ ला म्हणजे आज ९८.०, थोडंसं चिकट

मोबाइलमधलं ॲप म्हणतं की १४ ला बीज सुटलं आणि १६ पासून सेफ. पण १६ आणि १७ लाच तर सगळ्यात जास्त निसरडं होतं. टेंपरेचर १३ ला पण वाढलं आणि १७ ला पण. मग नक्की कोणती वाढ खरी?

अमोल_वर्धारोड | १९ मे, रात्री ९:४०

ताई, एवढं किचकट करू नका. साधा हिशोब आहे. १० ते १७ धोक्याचे दिवस, बाकी महिना मोकळा. टेंपरेचरबिंपरेचर घ्यायची गरजच नाही. माझ्या बायकोची पाळी २८ दिवसांची आहे, आम्ही लग्नापासून असंच करतो आणि काही झालं नाही. एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे, बीज सुटल्यानंतर टेंपरेचर वाढतं. ते झालं की निर्धास्त.

प्रिया_अमरावती | १९ मे, रात्री १०:०५

रेवा, अभिनंदन, तू अगदी व्यवस्थित तक्ता ठेवते आहेस! १५ ते १७ हेच तुझे उत्तम दिवस होते. पुढच्या महिन्यात मेडिकलमधून ओव्ह्युलेशनची पट्टी आण, दोन रेघा सारख्या गडद झाल्या की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करा. आम्हाला असंच यश आलं. फॉलिक ॲसिड आत्तापासूनच सुरू कर.

रेवा_मनीषनगर | १९ मे, रात्री १०:१२

प्रियाताई, मला उलट नको आहे मूल. टाळायचं आहे.

प्रिया_अमरावती | १९ मे, रात्री १०:२०

अरे हो, नीट वाचलंच नव्हतं. मग पट्टीच्या भानगडीत पडू नकोस. ती दोन रेघा दाखवते तेव्हा बीज सुटायला जेमतेम एक-दीड दिवस राहिलेला असतो. मूल हवं असेल तर तेवढं पुरतं, पण टाळणाऱ्याला तोवर उशीर झालेला असतो.

सुनंदा_सदर | १९ मे, रात्री ११:०५

रेवा, मी बरीच वर्षं जोडप्यांना हीच पद्धत शिकवली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी १३ तारखेचं बघू. त्या रात्री काय झालं होतं? झोप मोडली होती का, उशिरा उठलीस का, बाळीला ताप होता म्हणून जागी होतीस का? एकच आकडा एकाएकी वर जातो आणि दुसऱ्या दिवशी परत खाली येतो, तेव्हा त्यामागे बहुतेक असंच काहीतरी असतं. बीज सुटल्यावरची वाढ टिकते, पाळी येईपर्यंत आकडा वरच राहतो.

आता अमोलदादांच्या हिशोबाबद्दल. दादा, तुमच्याकडे काही झालं नाही ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यावरून नियम करू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात २२१ बायकांच्या पाळ्या लघवीतल्या हार्मोनवरून तपासल्या होत्या, तो अभ्यास २००० साली छापून आला. त्यात जेमतेम ३० टक्के बायकांचे गर्भ राहू शकणारे सगळे दिवस १० ते १७ च्या आत बसले. बाकीच्यांचे त्याच्या आधी सुरू झाले किंवा नंतरही चालू राहिले. ॲपचंही तेच होतं. रेवा ज्या ॲपबद्दल लिहिते आहे ते मागच्या तारखा बघून १४ सांगत असणार. या महिन्यात तिच्या अंगात काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. रेवाने त्याचं ऐकून १६ ला मोकळीक घेतली असती, तर सगळ्यात धोक्याच्या दिवसांतच घेतली असती.

रेवा_मनीषनगर | १९ मे, रात्री ११:२०

ताई, तुम्ही अगदी बरोबर ओळखलं. १२ च्या रात्री आमच्याकडे लाइट गेली होती. कूलर बंद, पहाटे तीनपर्यंत गच्चीवर बसून होतो. मग आठला उठले आणि तेव्हा टेंपरेचर घेतलं.

सुनंदा_सदर | १९ मे, रात्री ११:५०

मग १३ ला कंस कर आणि तो हिशोबात धरू नकोस. आकडा खोडू मात्र नको, बाजूला कारण लिहून ठेव.

आता मोजू. आधीच्या सहा आकड्यांपेक्षा वर गेलेला पहिला आकडा शोधायचा. तुझा १७ चा ९७.८ आहे. त्याच्या मागचे सहा, १३ सोडून, म्हणजे १६, १५, १४, १२, ११ आणि १०. त्यातला सगळ्यात मोठा ९७.५. १७, १८, १९ हे तिन्ही त्याच्या वर आहेत. आणि तिसरा आकडा निदान ०.२ सेल्सिअसने वर हवा, फॅरनहाइटमध्ये ते साधारण ०.४ होतं. ९७.५ अधिक ०.४ म्हणजे ९७.९, आणि तुझा आजचा ९८.०. टेंपरेचरचा हिशोब आज संध्याकाळी पूर्ण झाला. तिसरा आकडा तेवढा वर गेला नसता तर चौथ्या दिवसाची वाट पाहायची असती.

पण स्रावाचा हिशोब अजून पूर्ण झाला नाही. सगळ्यात चांगला, म्हणजे पारदर्शक, ताणला जाणारा, निसरडा, ज्या दिवशी शेवटचा दिसतो तो मुख्य दिवस. तुझा १७. तो मुख्य दिवस होता हे त्या दिवशी कळत नाही. १८ ला घट्ट झालं तेव्हाच कळलं. त्यानंतर पूर्ण तीन दिवस, म्हणजे १८, १९ आणि २०. त्यामुळे स्रावाप्रमाणे उद्या संध्याकाळी.

दोन्ही हिशोबांत जो उशिराचा तो धरायचा. तुझं उत्तर २० तारखेची संध्याकाळ, तेही उद्या परत निसरडं दिसलं नाही तर. दिसलं तर तीन दिवस नव्याने मोजायचे. हे शनिवारी येतात तोवर ते स्पष्ट झालेलं असेल.

डॉ_रामदासपेठ | २० मे, सकाळी ७:३०

सुनंदाताईंनी तक्ता बरोबर वाचला आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण रोज ओपीडीत ती दिसते.

या पद्धतीच्या यशाचे आकडे सांगताना लोक जर्मनीचा २००७ चा अभ्यास दाखवतात. तो चांगलाच होता, ९०० बायका होत्या, टेंपरेचर आणि स्राव दोन्ही एकत्र वापरले, आणि वर्षभरात शंभरात दोनपेक्षा कमी बायकांना नको असताना दिवस गेले. पण त्यांना व्यवस्थित शिकवलेलं होतं. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने नुसत्या स्रावाच्या पद्धतीचा अभ्यास पाच ठिकाणी केला होता, त्यातलं एक आपलं बेंगळुरू. त्या अभ्यासात नव्वद टक्क्यांहून जास्त बायकांना पहिल्याच पाळीत स्राव ओळखता आला. तरीही वर्षभरात शंभरात वीसच्या आसपास गर्भधारणा झाल्या. नंतर त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली तेव्हा दिसलं की नियम तंतोतंत पाळणाऱ्यांत वर्षाला शंभरात तीन होत्या, बाकी बहुतेक धोक्याचा दिवस आहे हे माहीत असताना संबंध आल्यामुळे.

म्हणून मी पेशंटला विचारतो की तुमचा नवरा तक्ता मानतो का. तो मानत नसेल तर थर्मामीटर कितीही चांगला असो, उपयोग नाही. आणि ज्यांच्या तब्येतीला गर्भ राहणंच धोक्याचं आहे त्यांना मी ही पद्धत सांगत नाही, त्यांना तांबी किंवा ऑपरेशन.

सुनंदा_सदर | २० मे, सकाळी ९:१०

डॉक्टरसाहेब, शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्यासोबत आहे. पण त्या पाच ठिकाणच्या आकड्यांना मी वेगळं वाचते. त्यावरून हेच दिसतं ना की बायकांना आपलं शरीर वाचता येतं, आणि तुटतं ते घरात ठरवताना? म्हणजे शिकवायचं दोघांना बसवून. माझ्याकडे जी जोडपी बराच काळ टिकली, त्यांच्यात तक्ता भरायचं काम नवरा करायचा. बायको आकडा सांगायची, तो लिहायचा.

डॉ_रामदासपेठ | २० मे, सकाळी ९:३५

तुमच्याकडे जी जोडपी टिकली त्यांचं तुम्ही सांगता. जी मध्येच सोडून गेली ती माझ्याकडे येतात. तुमचं म्हणणं खोटं नाही, पण मी अजूनही या पद्धतीला पहिला पर्याय म्हणणार नाही.

मिहान_नाइटशिफ्ट | २० मे, दुपारी १२:४०

मला एक सांगा, माझी मिहानला रात्रपाळी असते. आठवडा रात्री, आठवडा दिवसा. मी सकाळी नऊला घरी येऊन झोपते, दुपारी उठते. सहाचं टेंपरेचर कुठून आणू? माझा तक्ता म्हणजे नुसत्या शिखरा-दऱ्या आहेत. त्यातून आम्ही टेंपरेचर घ्यायचंच सोडून दिलं आणि मी फक्त स्राव पाहते. आता तो पण कळेनासा झाला, या उन्हाळ्यात सगळीकडे घामच घाम.

सुनंदा_सदर | २० मे, दुपारी १:३०

घड्याळातल्या सहाला महत्त्व नाही. सलग काही तास झोप झाली, आणि उठल्या उठल्या, पाणी न पिता, न बोलता थर्मामीटर लावला, तर तो आकडा चालतो. तुझ्या दिवसपाळीच्या आठवड्यातले आकडे एकमेकांशी जुळतील. शिफ्ट बदलते त्या दोन-तीन दिवसांचे जुळणार नाहीत, त्यांना कंस. अडचण अशी की नेमके तेच दिवस बीज सुटण्याचे असले तर त्या महिन्यात टेंपरेचरचा आधार उरत नाही. अशा महिन्यात कंडोम. तिथे पद्धत ताणायची नाही.

घामाबद्दल नीट लिहिते, कारण नागपुरात एप्रिल ते जून हा घोळ सगळ्यांचाच होतो. आपण लघवीनंतर पाण्याने धुतो. धुतल्यावर स्राव पाहायला गेलं तर पाणीच हाताला लागतं आणि बाई म्हणते आज ओलं आहे. म्हणून धुण्याच्या आधी, कोरड्या टिश्यूने किंवा स्वच्छ सुती कापडाने, पुढून मागे एकदा पुसायचं. कापड घसरतं की अडकतं ते लक्षात घ्यायचं, मग दोन बोटांत धरून ताणून बघायचं. घाम बाहेरच्या त्वचेवर असतो आणि ताणला जात नाही. चाललं तर दिवसातून तीन-चार वेळा, आणि रात्री लिहिताना त्या दिवसातलं सगळ्यात निसरडं जे दिसलं तेच लिहायचं, सकाळचं कोरडं नाही.

संबंधानंतरच्या सकाळीही निसरडं दिसतं, ते वीर्य असू शकतं. ग्लासभर पाण्यात टाकलं की वीर्य विरघळून पसरतं, खरा स्राव गोळा होऊन तळाला जातो. कळतच नसेल तर त्या दिवसाला धोक्याचा म्हणायचं.

अमोल_वर्धारोड | २० मे, दुपारी २:१०

सुनंदाताई, तुम्ही वरती जे लिहिलं ते मी बायकोला वाचायला दिलं. तिची पाळी २८ चीच आहे असं मी म्हटलं होतं, ती म्हणते मागच्या वर्षी दोनदा ३४ वर गेली होती. एक विचारतो, वीर्य किती दिवस टिकतं? मी तर एक दिवस समजत होतो.

डॉ_रामदासपेठ | २० मे, दुपारी ३:००

पाच दिवसांपर्यंत, पण फक्त चांगला निसरडा स्राव असेल तर. तो नसेल तर काही तासांतच संपतं. बीज मात्र दिवसभरच टिकतं, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. म्हणून बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस मिळून सहा दिवस खरे धोक्याचे. आधीचे पाच दिवस कधी सुरू होतील हे आधी कळत नाही, सगळी अडचण तिथे आहे. बीज सुटल्यानंतरचा काळ टेंपरेचरने सिद्ध होतो, आधीचा अंदाजानेच चालतो.

कामठीची_लेक | २० मे, संध्याकाळी ५:२०

माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, अजून पाळी आली नाही. आई म्हणते अंगावर पाजते आहेस तोवर काही होत नाही. मला हे टेंपरेचरचं करता येईल का? कधी कधी चिकट जातं, कधी आठवडाभर काहीच नाही.

सुनंदा_सदर | २० मे, संध्याकाळी ५:५०

बेटा, पाजण्याचा भरवसा धरता येतो तो बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, तेही पाळी आलेली नसेल आणि दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध असेल तर. तुझं बाळ आठ महिन्यांचं, म्हणजे वरणभातही सुरू झाला असेल. आता पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, तुला कळणारसुद्धा नाही. रात्री बाळ उठवतं तेव्हा टेंपरेचरही साथ देत नाही. हा काळ शिकायला सगळ्यात अवघड. आत्ता दुसरं साधन घे, आणि पाळ्या नियमित झाल्या की शिक.

डॉ_रामदासपेठ | २० मे, संध्याकाळी ६:१५

कामठीच्या ताईंना मीही हेच सांगेन. पाजतानाही चालतील अशा गोळ्या आहेत, तांबी पण चालते. इथे विचारून ठरवू नका, जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

रेवा_मनीषनगर | २० मे, रात्री ९:००

आज ९८.०, आणि दिवसभर कोरडं. दुपारी एकदा पाहिलं, संध्याकाळी पाहिलं, काहीच नाही. म्हणजे आता दोन्ही हिशोब पूर्ण ना?

एक शंका आहे. या महिन्यात सगळेच आकडे थोडे वर वाटतात. मार्चमध्ये पाळीनंतर ९७.१ असायचं. उन्हामुळे टेंपरेचर वाढतं का?

सुनंदा_सदर | २० मे, रात्री ९:३०

हो, दोन्ही पूर्ण.

उन्हाचं असं आहे. शरीर आतलं टेंपरेचर सांभाळतं, पण तुझा थर्मामीटर तोंडात असतो. कूलरसमोर तोंड उघडं टाकून झोपलं की आकडा खाली जातो, कूलर बंद पडला की वर. म्हणून एका पाळीतले आकडे त्याच पाळीतल्या आकड्यांशी जुळवायचे, मार्चच्या आकड्यांशी मे ची तुलना नाही. खरा धोका वेगळा आहे. पाळीच्या मधेच एखाद्या दिवशी झोपायची जागा बदलली, हॉलमधल्या कूलरमधून एसीच्या खोलीत गेलीस किंवा उलट केलंस, तर सगळेच आकडे एकदम सरकू शकतात आणि बीज सुटल्यासारखी वाढ दिसते. स्राव पाहिला असेल तर फसगत होत नाही, कारण त्यात मुख्य दिवस दिसत नाही. काही बायका उन्हाळ्यात योनीत टेंपरेचर घेतात, ते जास्त स्थिर राहतं. पण बदलायचं तर नव्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, मध्येच नाही. आणि थर्मामीटर एकच ठेव, कपाळावर धरायचा बंदुकीसारखा अजिबात नको.

डॉ_रामदासपेठ | २० मे, रात्री १०:००

यात थोडी भर. सर्दीच्या गोळ्या स्राव सुकवतात, थायरॉइड आणि पीसीओएसमध्ये स्राव पुन्हा पुन्हा येऊ-जाऊ शकतो पण बीज सुटेलच असं नाही. रेवा, असं काही नाही ना?

रेवा_मनीषनगर | १ जून, सकाळी ६:४५

तसं काही नाही, डॉक्टर. आज पाळी आली. १७ पासून ३१ पर्यंत आकडे वरच होते, म्हणजे पंधरा दिवस, आणि आज सकाळी ९७.५. मला आता एवढं कळलं की या पाळीत माझं बीज १७ च्या आसपास सुटलं होतं, १४ ला नाही.

पुढचा प्रश्न. पाळीचे पहिले पाच दिवस मोकळे धरायचे का? ॲप तर पाळीनंतर ९ पर्यंत मोकळीक देतं.

सुनंदा_सदर | १ जून, सकाळी ८:१०

९ पर्यंत मुळीच नाही. जर्मन पद्धतीत पहिले पाच दिवस धरतात, पण पाळ्या २६ दिवसांपेक्षा कमी झालेल्या नसतील तरच. तुझी सगळ्यात छोटी २७ ची आहे, त्या अर्थी पाच चालतात. सहाव्यापासून धोका, आणि त्याआधी ओलं जाणवलं तर तिथूनच.

डॉ_रामदासपेठ | १ जून, सकाळी ९:००

मी पाचसुद्धा सांगणार नाही, निदान पहिल्या वर्षात. रक्त जात असताना स्राव दिसत नाही, आणि २७ हा फक्त आतापर्यंतचा आकडा आहे. पुढची पाळी २४ ची झाली तर ते नंतर कळेल.

रेवा_मनीषनगर | १ जून, रात्री ९:४०

ह्यांच्याशी बोलले. बीज सुटल्याचं दोन्हींनी सिद्ध झाल्यावरचेच दिवस मोकळे, पाळीपासून तिथपर्यंत कंडोम, असं ठरलं. तक्ता ह्यांच्या फोनमध्ये टाकला आहे, मी सकाळी आकडा पाठवते आणि हे भरतात. कूलरवाला उद्या येतो आहे, नवतपा संपेपर्यंत हॉलमध्येच झोपणार. मध्ये जागा बदलली तर तारीख लिहीन.